लाइव्हची सुरुवात मी कशी बदलली

बेळगावच्या शहापुरातील घरातून मी खणाच्या कापडाच्या कुर्ती लाइव्ह व्हिडिओवर विकते. पूर्वी लाइव्ह सुरू झाले की, सगळे येईपर्यंत थांबावे म्हणून मी नमस्कार आणि विचारपूस करण्यातच चार-पाच मिनिटे घालवीत असे. तेवढ्यात आलेल्या बायका काहीच न पाहता निघून जात आणि पुढे प्रत्येक कुर्तीला ‘किंमत?’, ‘माप?’ हेच प्रश्न येत.

आता कुर्ती हातात धरूनच मी पहिले वाक्य बोलते: “नमस्कार, ही पाच नंबरची खणाची कुर्ती, साडेसहाशे रुपये, आज अशा बारा दाखवणार आहे, आवडल्यास नंबर आणि माप लिहा.” किंमत लगेच कन्नडमध्येही सांगते, ‘आरुनूर ऐवत्तु’, कारण निम्म्या गिऱ्हाइकांना तेच सोयीचे आहे.

प्रत्येक कुर्तीला चिठ्ठी टाचलेली असते आणि तिच्यावरचा क्रम मी मोडत नाही: नंबर, कापड, छाती व उंची इंचांत, शिल्लक नग, किंमत, धुण्याची सूचना. छाती ४० लिहिली तर ते कुर्तीचे माप की अंगाचे, हे स्पष्ट सांगावे लागते. हे न सांगितल्यामुळेच माझ्याकडे सर्वाधिक कुर्ती परत येत. म्हणून मी टेप कुर्तीवर आडवी धरून काखेखालचे २० इंच दाखवते आणि “दुप्पट ४०, तुमची छाती ३८ असेल तर ही घ्या” असे म्हणते. उशिरा येणाऱ्यांसाठी दर तीन कुर्तींनंतर सुरुवातीचे वाक्य, हातातल्या कुर्तीचा नंबर व किंमत घालून, पुन्हा वाचते.