आवाज भरदार करायचाय पण 'स' टोचायला नको: ईक्यू आणि कॉम्प्रेशन हलक्या हाताने कसं करावं

माझी मावशी परळच्या चाळीत राहते, नातवंडांसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करते आणि मी ते साफ करून देतो. पहिल्यांदा मी सॉफ्टवेअरमधला एक तयार प्रीसेट लावला, बेस वाढवला, वरची फ्रिक्वेन्सी वाढवली, कॉम्प्रेसर चांगला दाबून लावला, आणि हेडफोनवर मला वाटलं काय भारी झालंय. मावशीने ऐकलं आणि म्हणाली, "अरे, हा माझा आवाज नाहीये, कोणीतरी कानात फुसफुसतंय असं वाटतंय." आणि तिचं बरोबर होतं, प्रत्येक 'स' सुईसारखा टोचत होता.

हे का होतं ते आधी समजून घ्या, कारण एकदा ते कळलं की बाकीची सगळी सेटिंग्ज आपोआप लावता येतात. कॉम्प्रेसर ठराविक लेव्हलच्या वरचा आवाज दाबतो, त्या लेव्हलला थ्रेशोल्ड म्हणतात, आणि वरचा आवाज किती पट दाबायचा ते रेशो ठरवतो. आपल्या बोलण्यात स्वर जोरात असतात आणि 'स' बऱ्याचदा त्यांच्यापेक्षा हळू असतो. समजा मावशीचा 'आ' मायनस 8 डीबीला जातोय आणि 'स' मायनस 18 ला, म्हणजे दोघांत 10 डीबीचं अंतर. थ्रेशोल्ड मायनस 16 आणि रेशो 2.5 ठेवला तर 'आ' साधारण 5 डीबी दाबला जातो, 'स' थ्रेशोल्डच्या खालीच असल्यामुळे त्याला कोणी हात लावत नाही. मग आवाज कमी वाटतो म्हणून आपण मेक-अप गेन 5 डीबी देतो. 'आ' परत जवळपास मायनस 8 ला आला, पण 'स' मायनस 13 ला चढला. 10 डीबीचं अंतर 5 वर आलं. म्हणजे तुम्ही ट्रेबलला हात न लावता सुद्धा 'स' वाढवून ठेवलात, आणि त्याच्यासोबत पंख्याची घरघर आणि माइकची सळसळ पण 5 डीबी वर आली.

मराठीत हे जास्त जाणवतं. इंग्रजी ट्युटोरियलमध्ये फक्त 'एस'ची काळजी असते, आपल्याकडे 'स' आणि 'श' तर आहेतच, वर 'चमचा', 'चाळ', 'चूल' यातला दंत्य च आहे ज्यात जवळजवळ अख्खा 'स' लपलेला असतो, 'जास्त' मधला ज आहे, 'छ' आहे. म्हणून मी टेस्टसाठी एक वाक्य ठेवलंय, कुठलंही सेटिंग बदललं की तेच ऐकायचं: "सासूबाईंनी सकाळी चमचाभर साखर जास्त घातली." रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला हे एकदा बोलून घ्या, नंतर कापून टाकता येतं.

आता रेकॉर्डिंगबद्दल थोडंच. माइक तोंडापासून एक वीत अंतरावर, पण ओठांच्या अगदी समोर नाही, ओठांच्या कोपऱ्याकडे जरा तिरका ठेवायचा. 'स'ची हवा सरळ पुढे जाते त्यामुळे तिरका माइक ती कमी पकडतो, आणि एका दिशेने ऐकणारे माइक असतात त्यांना जवळून बोललं की खालचा भरदारपणा आपोआप येतो, तो नंतर ईक्यूने बनवावा लागत नाही. पंखा बंद, कपड्यांचं कपाट उघडं, मागे भिंतीला गादी टेकवलेली. मावशीच्या खिडकीतून लोकलचा आवाज येतो म्हणून आम्ही रात्री उशिरा बसतो. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात जोरातला शब्द मायनस 6 च्या वर जाणार नाही.

पुढचं सगळं मी ऑडॅसिटीत सांगतो, फुकट आहे आणि बऱ्याच जणांकडे असतं, पण आकडे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तेच चालतील. मूळ वेव्ह फाइलची कॉपी बाजूला ठेवून मगच सुरू करा.

पहिलं काम तळ साफ करणं. `High-Pass Filter` उघडा, 80 हर्ट्झ, रोल-ऑफ 12 डीबी. बाईच्या आवाजाचा मूळ सूर साधारण 180 ते 220 च्या आसपास असतो, त्यामुळे 80 च्या खाली मावशीचं काहीच नाही, तिथे फक्त टेबलाला लागलेला धक्का, खालून गेलेली बस आणि आपल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण असते. ही काढणं महत्त्वाचं कारण कॉम्प्रेसरला ही थरथर ऐकू येते आणि तो उगीच दाबत बसतो.

मग ईक्यू, म्हणजे ठराविक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणं, आणि इथे माझं ठाम मत आहे की स्पष्टपणा वर काही वाढवून आणायचा नाही, मधलं थोडं काढून आणायचा. छोट्या खोलीत 250 ते 450 हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज डब्यात बोलल्यासारखा साचतो. `Filter Curve EQ` मध्ये त्या भागात एक अरुंद उंचवटा करा, 6 डीबीचा, प्रीव्ह्यू ऐका, जरा सरकवा, परत ऐका. एका जागी डबा एकदम वाजायला लागेल, तीच जागा. मावशीच्या खोलीत ती 320 च्या आसपास निघाली. आता तिथे उंचवट्याच्या जागी खड्डा करा, पण फक्त 3 डीबीचा आणि जरा रुंद. लक्षात घ्या, 6 डीबीने वाढवली तर कुठलीही फ्रिक्वेन्सी वाईटच वाटते, म्हणून वाईट वाटेल ती प्रत्येक जागा कापत सुटू नका, सगळ्यात वाईट एकच शोधा. पाच-सहा खड्डे केले की आवाज टेलिफोनसारखा पोकळ होतो आणि मग लोक बेस वाढवून तो भरायला जातात.

आता ऐका. बऱ्याचदा इथेच आवाज भरदार वाटायला लागतो, कारण 150 ते 250 मधला खरा उबदारपणा झाकला गेलेला असतो तो मोकळा होतो. तरी पातळ वाटला तर 180 च्या आसपास दीड-दोन डीबी द्या, त्याच्या वर जाऊ नका. आणि वरचा भाग, 3 ते 5 हजार, ज्याला सगळे प्रेझेन्स म्हणतात, तिथे मी मराठी आवाजाला सहसा हात लावत नाही. 'श' आणि 'चहा'तला च तिथेच बसलेत, 'स' त्याच्याही वर, 5 ते 8 हजारात. म्हणजे 4 हजार वाढवलं की 'शाळा' बोचते, 8 हजार वाढवलं की 'साखर' बोचते.

कॉम्प्रेसरच्या आधी दोन कामं हाताने करायची आणि लोक नेमकी हीच टाळतात. एक, जे एकदम मोठं आहे ते आधी खाली आणा. मावशी गोष्टीतल्या राक्षसाचा आवाज काढते तेव्हा लेव्हल उडी मारते, तेवढा तुकडा सिलेक्ट करून `Amplify` मध्ये मायनस 5 टाकला की काम झालं. नाहीतर कॉम्प्रेसर त्या राक्षसासाठी सेट होतो आणि बाकी गोष्टीत काहीच करत नाही, किंवा गोष्टीसाठी सेट होतो आणि राक्षसाला पिळून काढतो.

दुसरं काम म्हणजे टोचणारे 'स'. ऑडॅसिटीत 'स' आपोआप दाबणारा वेगळा डी-एसर आलेला नसतो, आणि खरं सांगायचं तर दहा मिनिटांच्या गोष्टीला हातच जास्त चांगला चालतो. ट्रॅक स्पेक्ट्रोग्राम व्ह्यूमध्ये टाका, 'स' असेल तिथे वरच्या भागात एक उजळ ढग दिसतो आणि खाली काळोख, लगेच ओळखू येतो. सगळे नाही घ्यायचे, जो ऐकताना कानाला लागला तोच सिलेक्ट करायचा, `Z` दाबायचं म्हणजे सिलेक्शनच्या कडा शून्यावर जातात आणि टक् असा आवाज येण्याची शक्यता कमी होते, मग `Amplify` मायनस 4. पुढच्याला नुसतं `Ctrl+R` दाबलं की तोच इफेक्ट परत लागतो. मावशीच्या बारा मिनिटांच्या गोष्टीत असे साधारण चाळीस निघाले, पाऊण तास गेला. जास्त कमी केलं तर कळतं कसं? 'साखर' ऐकताना 'थाखर' वाटायला लागते, बोलणारी बोबडी झाल्यासारखी. तसं झालं की अनडू करून मायनस 3 वर या.

आता कॉम्प्रेसर. ऑडॅसिटीच्या 3.6 पासून `Compressor` नवीन आहे, त्यात किती दाबलं जातंय ते ग्राफमध्ये दिसतं, जुनं व्हर्जन असेल तर हे दिसत नाही म्हणून अपडेट करून घ्या. रेशो 2.5, अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, 15 मिलीसेकंद, आणि रिलीज, म्हणजे परत सोडायला लागणारा वेळ, 150. अटॅक फार कमी ठेवला, 1-2 वगैरे, तर 'क', 'ट', 'प' यांची सुरुवातीची धार जाते आणि बोलणं मऊ गिळगिळीत होतं, मग स्पष्टपणा गेला म्हणून परत ट्रेबल वाढवावासा वाटतो. रिलीज फार कमी ठेवला तर प्रत्येक अक्षरानंतर मागचा आवाज उसळी मारतो. थ्रेशोल्डचा आकडा माझ्याकडून घेऊ नका, तो तुमच्या रेकॉर्डिंगवर ठरतो, साध्या बोलण्यावर ग्राफमध्ये 2-3 डीबी आणि जोरातल्या शब्दांवर 5 पर्यंत दाबलं जाईल एवढाच खाली आणा. मावशीला तो मायनस 16 ला बसला. मेक-अप गेन साधारण तेवढाच द्या जेवढं दाबलं गेलंय.

आता फसवणूक कुठे होते बघा. मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा ट्रॅक तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करूनच ऐकायचं. सारखा केल्यावर जर नंतरचा चांगला वाटत नसेल तर तुम्ही फक्त व्हॉल्यूम वाढवलाय. दोन वाक्यांच्या मधली जागा मुद्दाम ऐका, तिथे खोलीची घरघर फुगत असेल किंवा श्वास शब्दांइतकाच मोठा येत असेल तर रेशो 2 करा किंवा थ्रेशोल्ड 3 डीबी वर न्या. 'स' परत डोकावले असतील, थोडे डोकावतातच, तर त्या पाच-सहा जागा परत हाताने खाली आणा, पूर्ण ट्रॅकवर 7 हजारला खड्डा करू नका, त्याने चांगले 'स' पण मरतात आणि आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं.

शेवटी `Loudness Normalization` मध्ये मायनस 16 एलयूएफएस, हे कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप, ट्रॅक मोनो असेल तर `Treat mono as dual-mono` वर टिक, त्यानंतर `Limiter` मध्ये थ्रेशोल्ड आणि मेक-अप टार्गेट दोन्ही मायनस 1.5 ला, तो क्वचितच लागावा. एक्स्पोर्ट एमपी3 करणार असाल तर बिटरेट फार खाली नेऊ नका, मोनोला 96 तरी ठेवा, कारण कमी बिटरेटला सगळ्यात आधी 'स' आणि 'श'च चिरकतात आणि मग तुम्ही ईक्यूत चूक शोधत बसता. फाइल साध्या फोनच्या स्पीकरवर एकदा ऐका, तिथे 3-4 हजारचा भाग पुढे येतो आणि हेडफोनवर न कळलेला 'श' लगेच सापडतो.

मावशीच्या सेटिंगवर नंतर मी मावसभावाचं रेकॉर्डिंग टाकून बघितलं, त्याच खोलीतलं, तोच माइक, तर ते चाललं नाही. त्याचा मूळ सूर 110 च्या आसपास, त्यामुळे हाय-पास 60 वर आणावा लागला, 180 ला दिलेली वाढ त्याला घुमणारी वाटली म्हणून काढली, आणि त्याचे 'स' मावशीपेक्षा खाली, साडेपाच हजाराजवळ टोचत होते. 320 चा खड्डा मात्र तसाच राहिला, कारण तो आवाजाचा नव्हता, खोलीचा होता.