या चुका टाळा: परत आलेल्या मालावरचा इन्सेन्टिव्ह कापताना

दिवाळीच्या महिन्यात बिलिंग जोरात होतं आणि पुढच्या महिन्यात दुकानदार न खपलेले मिक्सर, पंखे परत पाठवायला लागतात. दिलेला इन्सेन्टिव्ह कापायची, म्हणजे क्लॉबॅकची, वेळ येते ती तेव्हाच. वितरकांचे इन्सेन्टिव्हचे हिशोब करताना मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक म्हणजे ऑक्टोबरचा परत आलेला माल नोव्हेंबरच्या विक्रीतून वजा करणं. क्रेडिट नोट नोव्हेंबरमध्ये निघते, म्हणून ती त्याच महिन्यात धरली जाते. हिशोब सोपा वाटतो, पण टार्गेटच्या वर दर वाढत असेल तर तो चुकतो.

एक उदाहरण घेऊ. टार्गेट महिन्याला 10 लाख. तिथपर्यंत 1 टक्का, वरच्या विक्रीवर 2 टक्के. एका सेल्समनने ऑक्टोबरमध्ये 13 लाखांचा माल विकला. पहिल्या 10 लाखांचे 10,000 आणि वरच्या 3 लाखांचे 6,000, असे 16,000 रुपये त्याला मिळाले. नोव्हेंबरमध्ये त्यातला 2 लाखांचा माल परत आला. म्हणजे त्याची ऑक्टोबरची खरी विक्री 11 लाख आणि इन्सेन्टिव्ह 12,000. कापायला हवेत 4,000.

आता हेच 2 लाख नोव्हेंबरमधून वजा करून पाहा. त्या महिन्यात विक्री 9 लाख होती, ती 7 लाख धरली जाते आणि 9,000 ऐवजी 7,000 मिळतात. कापले गेले फक्त 2,000. माल विकताना 2 टक्के मिळाले, परत आल्यावर 1 टक्का गेला. हे एकदा लक्षात आलं की महिनाअखेरीला ओळखीच्या दुकानदाराकडे माल ढकलायचा आणि पुढच्या महिन्यात परत घ्यायचा, हा उद्योग सुरू होतो. तो ओळखायचा असेल तर शेवटच्या तीन-चार दिवसांतल्या बिलांवरचे रिटर्न वेगळे काढून बघा.

उलट बाजूने सरळ काम करणारा माणूस भरडला जातो, आणि मला ते जास्त खटकतं. दुसऱ्याची ऑक्टोबरची विक्री 9 लाख, त्यातला 1 लाखाचा माल परत. त्यावर त्याला मिळाले होते 1,000. पण नोव्हेंबरमध्ये त्याने 13 लाख केले, तर तिथून वजा करताना त्याचे 2,000 जातात.

उपाय असा, की ज्या महिन्याचं बिल त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह पुन्हा काढायचा आणि दिलेल्या रकमेतून तो वजा करायचा. जीएसटीच्या क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख असते, त्यामुळे महिना शोधणं अवघड नाही. शीटमध्ये B2 मूळ विक्री, C2 त्याच महिन्याच्या बिलांवरचा परत माल आणि D2 आधी दिलेली रक्कम असेल, तर कापायची रक्कम अशी निघते:

```
=D2-(MIN(B2-C2,1000000)*1%+MAX(B2-C2-1000000,0)*2%)
```

वरच्या उदाहरणाला 4,000 आले नाहीत, तर आधी C2 तपासा. तिथे बहुतेक वेळा क्रेडिट नोटची जीएसटीसह रक्कम भरलेली असते. विक्री कराशिवाय आणि रिटर्न करासह धरला, तर 18 टक्क्यांनी 2 लाखांचे 2,36,000 होतात आणि सेल्समनचे 720 रुपये विनाकारण जादा कापले जातात.

योजनेच्या कागदावर "टार्गेट गाठल्यास 2 टक्के" एवढंच लिहिलं असेल, तर भांडण ठरलेलंच. 2 टक्के सगळ्या विक्रीवर की फक्त वरच्या रकमेवर? सगळ्या विक्रीवर धरले तर बरोबर 10 लाखांवर 20,000 मिळतात, आणि 5,000 रुपयांचा एक मिक्सर परत आला की 9,950 राहतात. एका मिक्सरपायी दहा हजारांहून जास्त कापणं कुणालाच पटणार नाही. म्हणून वाढीव दर फक्त वरच्या रकमेला ठेवा आणि उदाहरणासह लिहून द्या.

कारखान्यातला दोष, वाहतुकीत झालेली मोडतोड किंवा गोडाऊनने चुकून पाठवलेलं मॉडेल, यात सेल्समनचा दोष नसतो. बदली माल गेला असेल तर अशी क्रेडिट नोट C2 मध्ये धरू नका. त्यासाठी गोडाऊनच्या रिटर्न नोंदीत कारणाचा रकाना हवा, नाहीतर दोन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

आणि पैसे हातात देऊन परत मागण्यापेक्षा टार्गेटवरचा हिस्सा थोडा थांबवणं मला रास्त वाटतं. पहिल्या उदाहरणातल्या सेल्समनला 10,000 लगेच द्या, 6,000 माल परत घ्यायची मुदत संपल्यावर. मग 4,000 त्यातूनच वळते होतात आणि उरलेले 2,000 त्याला मिळतात. पगाराला हात लावावा लागत नाही. मुदत किती दिवसांची, हे मात्र महिना सुरू होण्याआधी सांगा, आणि ती उलटल्यावर आलेल्या मालासाठी कापू नका.