अर्धा इंच आणि एक फेब्रुवारी

लॅपटॉप घेऊन एखाद्या छोट्या दुकानाची वेबसाइट करायला निघालेला माणूस पहिल्यांदा रंग निवडतो. मीही तेच केलं. माझं पहिलं काम एका हार्डवेअरच्या दुकानाचं होतं: पाइप, नळ, एल्बो, खिळे, स्क्रू. पंधरा दिवस खपून मी चाळीस वस्तूंचं एक देखणं पान बनवलं. प्रत्येक वस्तू हाताने लिहिली, भाव तिथेच कोडमध्ये टाकले. मालक खूश झाले, त्यांनी चार लोकांना पान दाखवलं. पुढच्या आठवड्यात पाइपचे भाव बदलले आणि त्यांचा फोन आला. दोन दिवसांनी पुन्हा आला. तिसऱ्या महिन्यात फोन बंद झाले, कारण त्यांनी ते पान लोकांना सांगणंच सोडून दिलं होतं. चुकीचा भाव दाखवणाऱ्या कॅटलॉगपेक्षा कॅटलॉग नसलेला बरा, हे त्यांना माझ्याआधी कळलं.

वर्षभराने त्याच दुकानाचं काम मी पुन्हा केलं, यावेळी उलट्या टोकाने. आधी तक्ता, मग पान. खाली लिहिलंय ते त्या दुसऱ्या खेपेचं.

सुरुवात लॅपटॉप न उघडता केली. दोन संध्याकाळी गल्ल्याच्या बाजूला स्टूल टाकून बसलो आणि गिऱ्हाईक काय मागतं ते तसंच्या तसं वहीत उतरवलं. मालाच्या यादीत "एल्बो 3/4" असतं, पण माणूस म्हणतो "पाऊण इंची कोपरा द्या". कुणी "तो वाकडा तुकडा" म्हणतं. प्लंबर फक्त "पाऊणचे सहा" म्हणतो आणि मालकाला कळतं. या वहीने दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे रोज विचारला जाणारा माल कोणता, ते कळलं. दुकानात वस्तू हजारभर असतील, पण त्या दोन संध्याकाळी साठेकच वस्तू फिरून फिरून आल्या. पहिला कॅटलॉग तेवढ्याचाच केला. दुसरी गोष्ट म्हणजे तक्त्यातला एक जादा रकाना, ज्याला मी "बोली नाव" म्हणतो. पानावर तो दिसत नाही, पण शोधाची चौकट त्यातही शोधते. "कोपरा" टाइप केल्यावर एल्बो सापडला नाही, तर गिऱ्हाईक माल नाही असं समजून निघून जातं.

तक्ता गूगल शीट्समध्ये केला, कारण मालकांच्या मुलीला फोनवर तो उघडता येत होता. रकाने आठच: कोड, नाव, बोली नाव, माप, एकक, भाव, चालू, फोटो. एका ओळीत एक माप. म्हणजे एल्बोच्या पाच मापांच्या पाच ओळी, पण फोटोच्या रकान्यात पाचही ठिकाणी एकच फाइल. "एकक" विसरू नका. पाइपचा भाव फुटाला की नगाला, यावरून दुकानात होणारी कटकट पानावर आणायची नसते.

आता शीर्षकातली गोष्ट. मापाच्या रकान्यात मी 1/2 लिहिलं, एंटर दाबलं, पुढच्या ओळीकडे गेलो. साठ ओळी भरून वर आलो तेव्हा अर्धा इंचाच्या जागी तारीख होती. शीटची सेटिंग ज्या देशाची असेल त्याप्रमाणे 1/2 चा कधी 1 फेब्रुवारी होतो, कधी 2 जानेवारी. पाऊण इंचाचा तसाच 3 एप्रिल किंवा 4 मार्च. नंतर फॉरमॅट बदलून हे दुरुस्त होत नाही. एक्सेलमध्ये तर तारखेचा मजकूर केला की पाच आकडी संख्या समोर येते, कारण आत तारीख तशीच साठवलेली असते. उपाय एकच: काही लिहिण्याआधी माप आणि कोड हे दोन रकाने साध्या मजकुराचे करून ठेवायचे. कोडचं कारण वेगळं आहे. 007 लिहिलं की पुढची शून्यं गळतात आणि उरतो 7. म्हणून मी कोडच्या सुरुवातीला अक्षर लावतो, P-007 असा.

तक्ता पानाला जोडायची सोपी वाट म्हणजे शीटमधला वेबवर प्रकाशित करण्याचा पर्याय. तिथे एकच टॅब निवडून तो `.tsv` प्रकारात प्रकाशित करता येतो, म्हणजे रकान्यांच्या मध्ये टॅब असतो. नेहमीचा `.csv` मी टाळतो, कारण त्यात स्वल्पविरामाने रकाने तुटतात आणि दुकानदार वस्तूच्या नावात स्वल्पविराम टाकणारच. मग पानावर एवढं पुरतं:

```js
fetch(sheetUrl)
  .then(r => r.text())
  .then(t => t.split(/\r?\n/).slice(1)
    .map(line => line.split("\t"))
    .filter(r => r[6] === "हो")
    .forEach(r => showItem(r)));
```

`sheetUrl` म्हणजे प्रकाशित केल्यावर शीट देते तो पत्ता. `showItem` हे तुमचं फंक्शन, एका ओळीचं एक कार्ड काढणारं. मधली `\r?` बघायला क्षुल्लक वाटते. ती नव्हती तेव्हा शेवटच्या रकान्याला, म्हणजे फोटोच्या नावाला, एक न दिसणारं अक्षर चिकटत होतं आणि एकही फोटो उघडत नव्हता. सातवा रकाना "चालू". माल संपला की मुलगी तिथे "हो" चं "नाही" करते आणि वस्तू पानावरून जाते. शीटमधला बदल पानावर यायला काही मिनिटं लागतात, हे मालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर "तुझं चालत नाही" असा फोन येतो.

यात एक धोका आहे आणि तो मी जवळजवळ ओढवून घेतला होता. प्रकाशित केलेला टॅब पत्ता माहीत असलेल्या कुणालाही वाचता येतो, आणि पत्ता तर पानाच्या कोडमध्येच उघडा असतो. मालकांनी हौसेने शेजारी "खरेदी भाव" असा रकाना सुरू केला होता. माझ्या कोडने तो दाखवला नसता, पण फाइल उघडणाऱ्याला सगळा नफा दिसला असता. खरेदी भाव, उधारी, गिऱ्हाइकांचे नंबर यातलं काहीही त्या फाइलमध्ये नको. लपवलेल्या रकान्यातही नको, दुसऱ्या टॅबमध्येही नको. वेगळी फाइलच करायची.

फोटोंना एक दुपार लागली. दाराजवळ पांढरा कार्डशीट वाकवून ठेवला, फ्लॅश बंद केला आणि बाहेरच्या उजेडात फोटो काढले. युक्ती एवढीच की प्रत्येक वस्तूआधी कोड लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो घ्यायचा. संध्याकाळी लॅपटॉपवर सगळे एल्बो सारखेच दिसतात, चिठ्ठी नसेल तर पुन्हा दुकानात जावं लागतं. फोनमधला एकेक फोटो चार एमबीच्या आसपास होता. असे तीस फोटो पानावर टाकले तर गिऱ्हाइकाचा एकशे वीस एमबी डेटा जाईल, आणि तो इतका वेळ थांबणारच नाही. इमेजमॅजिक नावाचा मोफत प्रोग्रॅम हे एका झटक्यात करतो:

```
mkdir small
magick mogrify -path small -auto-orient -resize 800x800 -strip -quality 75 *.jpg
```

फोटो बहुतेक शंभर केबीच्या आत आले. `-strip` फोटोत दडलेली जागेची माहिती काढून टाकतं, पण फोन उभा धरला होता की आडवा, ही नोंदही त्याबरोबर जाते. म्हणून `-auto-orient` त्याच्या आधी लागतं, नाहीतर अर्धे नळ आडवे झोपतात. पानावर प्रत्येक फोटोला `loading="lazy"` द्या, म्हणजे खाली सरकेपर्यंत खालचे फोटो उतरतच नाहीत.

आणि फाइलची नावं सगळी लहान अक्षरांत ठेवा. विंडोजच्या लॅपटॉपवर `Elbow.JPG` आणि `elbow.jpg` एकच असतात, बहुतेक सर्व्हरवर त्या दोन वेगळ्या फाइली असतात. घरी सगळे फोटो दिसत होते, पान चढवल्यावर अकरा गायब झाले. मी तासभर इंटरनेटला दोष देत बसलो होतो.

ऑर्डरसाठी टोपली, पेमेंट वगैरे काही केलं नाही. अशा दुकानात भाव शेवटी नगावर आणि ओळखीवर ठरतो. त्यामुळे प्रत्येक कार्डाखाली व्हॉट्सअ‍ॅपचं एक बटण दिलं, जे वस्तूचा कोड आधीच लिहून संदेश उघडतं:

```js
const link = "https://wa.me/" + number + "?text=" +
  encodeURIComponent(code + " " + name + " " + size + " मिळेल का?");
```

नंबर देशाच्या कोडसह, पण अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मधल्या रेघा यातलं काही न ठेवता लिहायचा. `encodeURIComponent` गाळलं तरी बहुतेक वस्तू चालतात, म्हणूनच ती चूक लवकर सापडत नाही. आमच्याकडे "नट & बोल्ट" वर सापडली. `&` पाशी दुवा तुटायचा आणि मालकांना कोडपुढे नुसतं "नट" पोचायचं. त्यांनी एका माणसासाठी खरोखर नट काढून ठेवले होते.

भाव दाखवायचे की नाही, यावर आमची बरीच चर्चा झाली. "अरे, समोरचा दुकानदार बसल्याजागी वाचेल," मालक म्हणाले. मी म्हटलं, "काका, तो आजही माणूस पाठवून विचारतोच की." शेवटी असं ठरलं की महिनोन् महिने न बदलणाऱ्या वस्तूंचे भाव लिहायचे आणि पाइप, तांब्याची तार यांच्या भावाची जागा रिकामी ठेवायची. जागा रिकामी असेल तर कार्डावर "भाव विचारा" येतं. मला तर वाटतं, बदलत्या भावाच्या मालासाठी हाच प्रामाणिक मार्ग आहे. मी स्वतःहून फक्त पानाच्या तळाशी "भाव तपासले" अशी तारीख घातली, तीही शीटमधूनच येते. ती तारीख दोन महिने जुनी दिसली की कॅटलॉग पुन्हा मरायला लागलाय हे मला फोन न करता कळतं.

चाचणी आपल्या लॅपटॉपवर करू नका. दुकानातल्या पोराचा जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, रस्त्यावर उन्हात उभे राहा आणि त्यालाच पाऊण इंची कोपरा शोधायला सांगा. तुम्ही काही बोलायचं नाही. पहिल्या वेळी त्याला शोधाची चौकट दिसलीच नाही, कारण मी ती फिकट राखाडी केली होती.

पान चालतंय की नाही हे मी भेटींच्या आकड्यावरून ठरवत नाही. आलेल्या संदेशांत P- ने सुरू होणारे कोड किती आहेत ते मोजतो. पहिल्या महिन्यात नऊ आले, त्यातले सहा एकाच प्लंबरचे. मालकांना ते कमी वाटले. प्लंबर मात्र सांगत होता की पूर्वी तो फोनवर "तो वाकडा" समजावत बसायचा आणि चुकीचा तुकडा घेऊन दोनदा फेरी मारायचा.

हाती देताना डोमेन मालकांच्या ईमेलवर आणि त्यांच्याच पैशाने घेतलं, शीटही त्यांच्याच खात्यात ठेवली. पहिल्या खेपेला सगळं माझ्या नावावर होतं. माझा ईमेल बदलला, डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर पडून राहिली आणि दुकानाच्या पाटीवर रंगवलेला पत्ता उघडेनासा झाला. आता गल्ल्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय: डोमेन कुठून घेतलं, कोणत्या तारखेला पैसे भरायचे, शीट कोणत्या खात्यात आहे. पासवर्ड त्यावर नाही, तो मुलीच्या वहीत आहे. परवा गेलो तेव्हा तिने मला न विचारता वॉशरच्या चौदा ओळी वाढवल्या होत्या. मापाचा रकाना बघितला, तर तारीख एकही नव्हती.