‘वन ऑफ द स्टुडंट्स हू’ यानंतर ‘इज’ की ‘आर’? या चुका टाळा

वाक्यात ‘वन’ आला की क्रियापद एकवचनी, असे समीकरण डोक्यात पक्के बसल्यामुळे ‘शी इज वन ऑफ द स्टुडंट्स हू इज लर्निंग जर्मन’ असे वाक्य अनेकजण निःशंकपणे लिहून जातात. ते कानाला खटकत नाही, आणि म्हणूनच तपासताना नजरेतून सुटते. काटेकोर व्याकरणानुसार मात्र येथे ‘हू आर लर्निंग जर्मन’ असे हवे.

कारण असे की ‘हू’ आणि ‘दॅट’ या सर्वनामांची रूपे वचनानुसार बदलत नाहीत. ज्या नामाविषयी ती बोलतात, त्याचेच वचन पुढच्या क्रियापदाला लागते. वरच्या वाक्यात जर्मन शिकणारे विद्यार्थी अनेक आहेत आणि ती त्यांच्यातली एक आहे, म्हणजे ‘हू’ हा शब्द ‘स्टुडंट्स’कडे बोट दाखवतो, ‘वन’कडे नाही. इंग्रजीत न दिसणारे हे वचन मराठीत उघड दिसते, कारण आपल्याकडे ‘जो’ आणि ‘जे’ वेगळे आहेत. ‘जे विद्यार्थी जर्मन शिकत आहेत, त्यांपैकी ती एक आहे’ असे वाक्य मनात जुळवून पाहावे. ते अर्थाला धरून बसले, तर इंग्रजीत ‘आर’ लिहावे. इंग्रजीतच पडताळायचे असेल, तर ‘ऑफ’पासूनचा भाग पुढे आणावा: ‘ऑफ द स्टुडंट्स हू आर लर्निंग जर्मन, शी इज वन.’ या मांडणीत ‘इज’ची जागा उरत नाही, हे लगेच जाणवते.

नियम कळल्यावर एक उलटी चूक सुरू होते, आणि ती अधिक गंभीर आहे. ‘वन ऑफ द स्टुडंट्स आर ॲबसेंट’ हे वाक्य सरळसरळ अशुद्ध आहे, कारण येथे ‘हू’ नाहीच. क्रियापदाचा कर्ता ‘वन’ आहे आणि त्याला ‘इज’च लागते. दोन्ही क्रियापदे एकाच वाक्यात आली की गोंधळ वाढतो. ‘वन ऑफ द स्टुडंट्स हू ... वेटिंग आउटसाइड ... माय सिस्टर’ यातील दोन रिकाम्या जागा घ्या. प्रथम ‘हू’पासून ‘आउटसाइड’पर्यंतचा तुकडा बोटाने झाकावा. उरते ‘वन ऑफ द स्टुडंट्स ... माय सिस्टर’, म्हणून दुसऱ्या जागी ‘इज’. आता झाकलेला तुकडा उघडावा आणि बाहेर थांबलेले कोण, असे विचारावे. एकटी बहीण नव्हे, तर अनेक विद्यार्थी थांबलेले आहेत, म्हणून पहिल्या जागी ‘आर’. एकाच वाक्यात ‘आर’ आणि ‘इज’ शेजारी-शेजारी पाहून बिचकण्याचे कारण नाही.

‘ओन्ली’ आला की मात्र उत्तर फिरते. ‘शी इज द ओन्ली वन ऑफ द स्टुडंट्स हू इज लर्निंग जर्मन’ यात जर्मन शिकणारी ती एकटीच असल्यामुळे ‘हू’ आता ‘वन’ला जोडलेला आहे. येथे ‘जे विद्यार्थी शिकत आहेत, त्यांपैकी ती एकटीच’ असे म्हणून पाहिले, तर अर्थच कोसळतो, आणि तीच खूण समजावी.

स्वल्पविरामाकडे तर फारच थोडे लोक लक्ष देतात. ‘वन ऑफ माय स्टुडंट्स, हू इज इल टुडे, हॅज सेंट अ नोट’ या वाक्यात आजारी असलेला विद्यार्थी एकच आहे. स्वल्पविरामांमधला मजकूर त्याच्याविषयीची जादा माहिती आहे, म्हणून ‘इज’ बरोबर ठरते. हेच स्वल्पविराम काढून ‘हू आर इल टुडे’ केले, तर आजारी विद्यार्थी अनेक आहेत आणि चिठ्ठी त्यांच्यापैकी एकाने पाठवली, असा अर्थ होतो. अशा स्वल्पविरामानंतर ‘दॅट’ सहसा वापरत नाहीत; वस्तूंसाठी तेथे ‘विच’ येतो.

‘इज’ आणि ‘आर’ यांना लागू असलेले हे सारे ‘हॅज’ आणि ‘हॅव’ यांनाही लागू आहे, तसेच ‘स्पीक्स’ आणि ‘स्पीक’ यांनाही. शेवटी लावलेला ‘एस’ लहान असल्यामुळे ही चूक तेथे जास्त वेळा लपते: ‘वन ऑफ द बुक्स दॅट डील्स विथ धिस’ यात ‘डील’ हवे.

एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मनात त्या एका व्यक्तीवर भर असल्यामुळे चांगले इंग्रजी लेखकही ‘वन ऑफ दोज हू इज’ असे लिहितात, आणि वापराची नोंद ठेवणारे कोश हा एकवचनी प्रयोग केवळ अडाणीपणा म्हणून झटकून टाकत नाहीत. म्हणून दुसऱ्याच्या लेखनातील असे ‘इज’ खोडताना हात थोडा आखडता घ्यावा. स्वतःच्या परीक्षेत किंवा औपचारिक अर्जात मात्र ‘आर’ लिहिणेच सुरक्षित.