३० मिनिटांची लोकल फास्ट की स्लो? ईएमची एक फेरी हाताने सोडवू

समजा, कुणीतरी दादर ते ठाणे प्रवासाला लागलेली मिनिटं वहीत लिहून ठेवली, पण गाडी फास्ट होती की स्लो हे लिहायचं राहून गेलं. वहीत सहा आकडे आहेत (अर्थात, उदाहरणापुरते घेतलेले):

२४, २५, २७, ३०, ३६, ३८

सुरुवातीचे तीन फास्टचे आणि शेवटचे दोन स्लोचे, हे कुणीही सांगेल. प्रश्न ३० चा आहे. ती वाटेत सिग्नलला अडकलेली फास्ट असेल किंवा त्या दिवशी सुसाट सुटलेली स्लो असेल. फास्ट गाड्यांची सरासरी काढायची तर ३० धरायचे की नाही ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला आधी सरासरी लागते. एक्स्पेक्टेशन-मॅक्सिमायझेशन, म्हणजे ईएम, हा पेच सोडवते. आधी सरासरी अंदाजाने धरायची, तिच्यावरून प्रत्येक प्रवासाची वाटणी करायची, त्या वाटणीवरून सरासरी सुधारायची आणि पुन्हा तेच करायचं. डेम्पस्टर, लेअर्ड आणि रुबिन यांनी १९७७ च्या निबंधात ही पद्धत तिच्या आजच्या नावानिशी मांडली.

सुरुवातीचा अंदाज

दोन्ही प्रकारच्या गाड्यांची मिनिटं नॉर्मल वितरणाने, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राने पसरलेली आहेत असं मानू. फास्टची सरासरी २६, स्लोची ३६, दोघांचं प्रमाण विचलन, म्हणजे मिनिटं सरासरीभोवती किती पसरली आहेत याचं माप, ४, आणि एकूण प्रवासांत दोघांचं प्रमाण निम्मं-निम्मं, म्हणजे ०.५. हे आकडे डोळ्यांनी बघून घेतले आहेत आणि तेवढं पुरतं.

ई-पायरी: प्रत्येक प्रवासाची वाटणी

३० हा आकडा फास्टच्या सरासरीपासून ४ मिनिटं दूर आहे. अंतराचा वर्ग १६. त्याला प्रमाण विचलनाच्या वर्गाच्या दुपटीने, म्हणजे ३२ ने भागलं की ०.५ येतात. e चा उणे ०.५ वा घात ०.६०७. स्लोच्या सरासरीपासून अंतर ६, वर्ग ३६, भागाकार १.१२५, आणि e चा उणे १.१२५ वा घात ०.३२५. आता वाटणी:

०.६०७ ÷ (०.६०७ + ०.३२५) = ०.६५१

म्हणजे ३० मिनिटांच्या प्रवासाचा ०.६५१ भाग फास्टच्या खात्यात आणि उरलेला ०.३४९ भाग स्लोच्या. सगळी गंमत या अपूर्णांकात आहे. ‘ही फास्टच’ असा निकाल ईएम देत नाही, शंका आहे तशी हिशेबात ठेवते. बाकीच्या पाच आकड्यांचंही असंच केलं की हे मिळतं:

| मिनिटं | फास्टचा वाटा | स्लोचा वाटा |
|---|---|---|
| २४ | ०.९८८ | ०.०१२ |
| २५ | ०.९७७ | ०.०२३ |
| २७ | ०.९२४ | ०.०७६ |
| ३० | ०.६५१ | ०.३४९ |
| ३६ | ०.०४२ | ०.९५८ |
| ३८ | ०.०१२ | ०.९८८ |
| बेरीज | ३.५९४ | २.४०६ |

इथे एक सवलत मिळाली आहे. दोघांचं प्रमाण विचलन आणि प्रमाण सारखं असल्याने ते वर-खाली कटून गेलं. पुढच्या फेरीत तसं होणार नाही. तेव्हा वक्राची पूर्ण उंची घेऊन तिला त्या गटाच्या प्रमाणाने गुणावं लागेल. एक्सेलमध्ये ती उंची अशी मिळते:

```
=NORM.DIST(30,26,4,FALSE)
```

एम-पायरी: नवे आकडे

फास्टच्या खात्यात आता ३.५९४ ‘प्रवास’ आहेत. एकूण सहापैकी हे प्रमाण ०.५९९, म्हणून स्लोचं ०.४०१.

फास्टची नवी सरासरी काढायला प्रत्येक मिनिटाला त्याच्या वाट्याने गुणायचं आणि बेरीज करायची. ती ९४.५८ येते. तिला ३.५९४ ने भागलं की २६.३२. सवयीने सहाने भागायचा मोह होतो, पण मग सरासरी १५.८ मिनिटं येते. वहीतला सगळ्यात छोटा प्रवासही २४ चा आहे, त्यामुळे ही चूक लगेच डोळ्यांत भरते. स्लोची बेरीज ८५.४२, भागिले २.४०६, म्हणजे ३५.५०.

इथे एक ताळा करून घ्यावा. ०.५९९ × २६.३२ आणि ०.४०१ × ३५.५० यांची बेरीज ३० येते, आणि सहा आकड्यांची साधी सरासरीही नेमकी ३० आहे. एम-पायरीनंतर हे दोन आकडे जुळायलाच हवेत. जुळले नाहीत तर वाटण्यांत कुठेतरी गडबड आहे.

प्रमाण विचलनासाठी नव्या सरासरीपासूनचं अंतर घ्यायचं, जुन्या २६ पासूनचं नाही. त्याचा वर्ग करून वाट्याने गुणायचं आणि बेरीज करायची. फास्टसाठी बेरीज २१.८४ येते. ३.५९४ ने भागून ६.०८, आणि वर्गमूळ २.४६. स्लोसाठी २६.५९ ÷ २.४०६ = ११.०५, वर्गमूळ ३.३२.

या २१.८४ मध्ये ३६ आणि ३८ या दोघांचा मिळून ५.५७ इतका भाग आहे. फास्टच्या खात्यात त्यांचा वाटा नगण्य, पण अंतराचा वर्ग प्रचंड, म्हणून बेरजेतला चौथा हिस्सा त्यांनीच व्यापला. फास्ट गाड्यांचा विस्कळीतपणा पहिल्या फेरीत फुगलेला दिसतो तो यामुळे. पुढच्या फेरीत फास्टमधला ३६ चा वाटा ०.००१ च्याही खाली जातो आणि ही सूज उतरते.

फेरीने काही सुधारलं का?

हे मोजायचं माप म्हणजे लॉग-लाइकलिहूड. प्रत्येक आकड्यासाठी दोन्ही वक्रांच्या उंच्या त्यांच्या प्रमाणाने गुणून मिळवायच्या, नैसर्गिक लॉगरिथम घ्यायचा आणि सहाही आकड्यांची बेरीज करायची. फेरीआधी ती −१८.२० होती, नंतर −१७.०८ झाली. ईएममध्ये हा आकडा कोणत्याही फेरीत खाली येत नाही, हे गणिताने सिद्ध आहे. तुमचा खाली आला तर दोष पद्धतीत नाही, तुमच्या हिशेबात आहे. तो वाढायचा जवळजवळ थांबला की फेऱ्या थांबवायच्या.

नवे आकडे घेऊन ३० ची वाटणी पुन्हा केली तर फास्टचा वाटा ०.६५१ वरून ०.७२२ होतो. खरं तर ३० हे स्लोच्या ३५.५० पेक्षा फास्टच्या २६.३२ ला जवळ आहे, पण फास्टचा वक्र आता अरुंद झाल्याने तो दूरच्या आकड्यांना सहज आपलं म्हणत नाही. तरी वाटा वाढला, कारण फास्टचं प्रमाणही ०.५९९ झालं आहे.

कुठे फसतं

दोन्ही गटांना सुरुवातीला अगदी सारखे आकडे दिले, समजा दोघांची सरासरी ३० आणि बाकीचंही सारखंच, तर प्रत्येक वाटा ०.५ येतो. मग नव्या सरासऱ्याही सारख्याच येतात आणि कितीही फेऱ्या मारा, गट वेगळे होत नाहीत.

याहून वाईट प्रकार उलट टोकाला आहे. स्लोची सरासरी ३८ आणि प्रमाण विचलन ०.१ देऊन पाहा. तो वक्र इतका बारीक असतो की ३६ सुद्धा त्याच्या आवाक्यात येत नाही. एकट्या ३८ वर तो चिकटतो, प्रमाण विचलन शून्य होतं, आणि त्याच्या पुढच्या फेरीत शून्याने भागायची वेळ येते. लॉग-लाइकलिहूड मात्र अनंताकडे धावत असतं, म्हणजे मापाच्या मते हे सर्वोत्तम उत्तर! म्हणून प्रमाण विचलनाला किमान मर्यादा घालतात, इथे एक मिनिट पुरे, आणि वेगवेगळ्या सुरुवातींपासून फेऱ्या मारून पाहतात. या मर्यादेत राहून ज्या उत्तराचं लॉग-लाइकलिहूड सगळ्यात जास्त येईल, ते घेतात.

आणि सहा आकड्यांवरून आपण पाच गोष्टी काढतो आहोत: दोन सरासऱ्या, दोन प्रमाण विचलनं आणि एक प्रमाण. हाताने पद्धत समजून घ्यायला हे ठीक. दादर-ठाणे गाड्यांबद्दल खरोखर काही म्हणायचं असेल तर वहीची पानं भरावी लागतील. दोन गट मागितले की ईएम दोन गट काढून देतेच, सहाही गाड्या स्लो असल्या तरी.