सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाचं पहिलं घट्ट अन्न: डाळीचं पाणी नको, मऊ खिचडी द्या

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की घरातली मोठी माणसं बहुतेक वेळा एकच सुचवतात, 'आता डाळीचं पाणी सुरू कर, पचायला हलकं असतं.' सल्ला मायेपोटीच असतो, पण बाळाचं वजन बरेचदा इथेच अडतं. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं. वरच्या पाण्यात डाळीचा अंश फार थोडा असतो, त्यामुळे त्याने पोट तर भरतं, पण बाळ पुढचं आईचं दूधही कमी पितं.

या वयाच्या बाळाला दुधाशिवाय दिवसाला सुमारे २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. त्या इतक्याशा पोटातून मिळवायच्या तर अन्न दाटच हवं. ते पुरेसं दाट आहे का, हे चमच्यावरून कळतं. चमचा तिरका केल्यावर अन्न धारेने ओघळलं तर ते पातळ आहे. ते चमच्याला धरून राहिलं आणि मग गोळ्यासारखं हळूच सुटलं तर बरोबर आहे.

सुरू करण्याआधी बाळाकडे नीट पाहा. मान सावरते आहे, आधार दिला की बसतं आहे आणि तोंडात घातलेला चमचा जिभेने लगेच बाहेर ढकलत नाही, एवढं दिसलं की ते तयार आहे.

आता खिचडी. दोन मोठे चमचे तांदूळ आणि एक मोठा चमचा मूगडाळ धुऊन थोडा वेळ भिजवा. पाणी चौपट, म्हणजे बारा मोठे चमचे घाला. एवढ्याशा ऐवजाला कुकर थेट वापरला तर तळ लागतो, म्हणून तो छोट्या डब्यात घालून डबा कुकरमधल्या पाण्यात ठेवा. बोटाने दाबल्यावर शीत सहज चिरडलं पाहिजे. मग चमच्याने किंवा रवीने घोटा आणि एक छोटा चमचा तूप किंवा तेल घाला. मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत करू नका, थोडा रवाळपणा राहू द्या. बाळाला जीभ आणि हिरड्या हलवायला त्यातूनच शिकायचं आहे. फार घट्ट वाटली तर पाण्याऐवजी आईचं दूध काढून घाला. मीठ आणि साखर घालू नका. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नको, कारण त्यात बॉट्युलिझम या गंभीर आजाराचे जंतू असू शकतात.

एवढ्या खिचडीतून साधारण २०० कॅलरी मिळतात, म्हणजे ती दिवसभराची झाली. पण पहिल्या दिवशी बाळ दोन-तीन चमचेच खाईल, तेही अर्धं अंगावर सांडेल. ते पुरे आहे. तेव्हा सुरुवातीला याच्या निम्मीच शिजवा. आधी आईचं दूध, मग थोड्या वेळाने खिचडी, असं दिवसातून दोनदा द्या. आठवडाभरात प्रमाण वाढवत न्या आणि हळूहळू २५० मिली मावणारी वाटी अर्धी भरेल इतकं, दिवसातून दोन-तीन वेळा, इथपर्यंत पोहोचा. दूध बाळ मागेल तेव्हा चालूच ठेवा.

दुसऱ्या आठवड्यापासून खिचडीत काहीतरी मिसळत जा. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा या वयात संपत आलेला असतो आणि आईच्या दुधात लोह कमी असतं. पूर्ण शिजवलेलं अंडं कुस्करून, खात असाल तर मांस किंवा मासा (काटे नीट काढून) शिजवून बारीक करून द्या. शाकाहारी घरात डाळ वाढवा आणि सोबत टोमॅटो किंवा संत्र्याचा रस थोडा घाला, त्याने डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. नवा पदार्थ एका वेळी एकच द्या, म्हणजे अंगावर पुरळ आलं किंवा उलटी झाली तर कशामुळे ते कळतं. श्वास घेताना त्रास दिसला किंवा ओठ-चेहरा सुजला तर ताबडतोब दवाखाना गाठा.

या महिन्यांत जुलाब वाढतात तेव्हा दोष दातांवर ढकलला जातो. खरं कारण बरेचदा अन्नासोबत किंवा हातांवरून पोटात गेलेले जंतू असतात. शिजवण्याआधी, भरवण्याआधी आणि बाळाची शी धुतल्यावर हात साबणाने धुवा. बाळ स्वतःची बोटं वाटीत घालणारच, म्हणून त्याचेही धुवा. वाटी-चमचा स्वच्छ ठेवा. बाटली नको, कारण बूचाच्या कडेला चिकटलेलं अन्न निघत नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांत संपवा. उरलेलं ठेवायचं असेल तर बाळाचा चमचा लागण्याआधीच वेगळं काढून फ्रिजमध्ये ठेवा, त्याच दिवशी वाफ येईपर्यंत गरम करा आणि निवल्यावर द्या. उष्टं मात्र टाकून द्या.

भरवताना बाळ सरळ बसलेलं हवं. पहिल्या दिवसांत ते ओकारी काढतं, खोकतं, चेहरा लाल होतो. आवाज येतो आहे तोवर थांबा, ते स्वतः सावरतं. आवाजच बंद झाला आणि ओठ निळे पडू लागले तर घास अडकला आहे. लगेच बाळाला मांडीवर पालथं, डोकं खाली करून धरा, मान-डोक्याला हाताने आधार द्या, तळहाताने दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा मारा आणि कोणालातरी मदतीला हाक मारा.