मोटार जळाली? जुनी तार उपसायच्या आधी मोजून घ्या

एप्रिल-मे मधे व्होल्टेज पडतं, मोटार जळते, केळी-ऊस पाण्याविना माना टाकतात, म्हणून घाईत मोटार भरायला टाकतो आणि तिथेच घात होतो. मिस्त्री जुनी तार उपसून भंगारात टाकतो, मग अंदाजाने भरतो. अशी मोटार ऐन गरजेला परत जळते, उभं पीक गेलेले बघितलेत म्हणून सांगतोय, जुनी वाइंडिंग मोजल्याशिवाय उपसू देऊ नका.

5 एचपी, थ्री फेज, 2880 आरपीएमचा मोनोब्लॉक धरा, म्हणजे 2 पोल. स्लॉट मोजले, 24. कॉइलची एक बाजू स्लॉट 1 मधे, दुसरी 12 मधे, तिच्या आतली 2 ते 11, हा झाला पिच. कुठली टोकं कुठे जोडलीत तेही कागदावर काढा, फोटो घ्या.

आता टर्न. जोडणी नसलेल्या बाजूने कॉइल कापा आणि एका स्लॉटमधल्या तारा मोजा. समजा 84 आल्या, पण दोन तारा जोडीने गुंडाळल्यात, तर टर्न 42. स्लॉटमधे दोन कॉइलच्या बाजू असतील तर आधी त्या वेगळ्या करून मोजा. दोन-तीन स्लॉट मोजून आकडा जुळवा, जळालेल्या तारा चिकटून एकच वाटतात.

गेज इनॅमल काढूनच मायक्रोमीटरने बघा, 0.71 मिमी आली तर 22 गेज. इनॅमलसकट मोजलं की तार जाड वाटते, ती जाड तार स्लॉटमधे बसत नाही, मग मिस्त्री 42 चे 38 टर्न करतो. टर्न कमी झाले की मोटार रिकामी फिरतानाच जादा अँपिअर ओढते आणि तापते. 22 नसेल तर दोन 22 च्या जागी एक 19 चालते, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच भरतं. तांब्याच्या जागी त्याच गेजची अॅल्युमिनियम मात्र नको. आणि मोजायचा कंटाळा म्हणून "नवीनच घ्या" म्हणणाऱ्या दुकानदाराचं लगेच ऐकू नका, कोअर आणि बेअरिंग ठीक असेल तर मोटार भरून चालते.

मोटार आधी एकदा भरलेली असेल तर सापडलेला आकडाही चुकीचा असू शकतो. माझा अंदाज असा की वर्षा-दोन वर्षात परत जळालेली असेल तर त्या आकड्यावर भरवसा नको, त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलची न उघडलेली मोटार भरलेल्या मिस्त्रीकडून पडताळा.

बाकी नेहमीचं:
- स्लॉटमधे नवा इन्सुलेशन पेपर
- वार्निश, नीट भाजणी
- मेगर टेस्ट
- रिकामी फिरवून तिन्ही फेजचे अँपिअर सारखे

आणि जळालेली वाइंडिंग नीट बघा. स्टार जोडणीत दोन फेज काळे आणि एक ताजा (डेल्टात उलट, एकच काळा) दिसला तर एक फेज गेला असताना मोटार चालू होती. मग फ्यूज, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट तपासा, डायरेक्ट केलेला ओव्हरलोड रिले परत जोडून प्लेटवरच्या अँपिअरवर लावा, मगच मोटार विहिरीवर न्या.